चार घासांत पोट भरतं, आणि वजन सात किलोंनी उतरलंय

डॉक्टर,
बाबा 63 वर्षांचे आहेत. गेले पाच महिने त्यांचं जेवण निम्म्याहून कमी झालंय. भूक लागते, वेळेवर जेवायलाही बसतात, पण चार-पाच घासांत "बास, गळ्यापर्यंत आलं" म्हणून उठतात. वजन 68 किलो होतं, परवा 61 भरलं. तीन महिन्यांपासून पॅन्टोप्रॅझोल चालू-बंद आहे. घेतली की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सोनोग्राफी नॉर्मल आली. हिमोग्लोबिन गेल्या वर्षी 13.6 होतं, आता 10.8 आहे. गेल्या महिन्यात दोनदा संध्याकाळी उलटी झाली आणि तिच्यात सकाळी खाल्लेलं जसंच्या तसं दिसत होतं. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. शुगर मात्र हल्ली छान आहे, म्हणून ते खूश आहेत. म्हणतात, वयच झालं, कमी खाल्लेलं बरं. दुर्बिणीचं नाव काढलं की चिडतात. आणखी महिनाभर वाट पाहू की गोळी बदलून देता?
— तुमच्या पेशंटची मुलगी

वाट पाहू नका, आणि गोळीही बदलायला नको. बाबांच्या जठराची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, येत्या दोन आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. त्याआधीची वेळ मिळाली तर तीच घ्या.

तुमच्या पत्रातले दोन शब्द फार मोलाचे आहेत: "भूक लागते". भूकच न लागणं आणि भूक लागूनही चार घासांत पोट भरणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण घरोघरी दोन्हींना "जेवण जात नाही" एवढंच म्हटलं जातं आणि तिथेच गल्लत होते. भूक मेली असेल तर कारण शरीरात कुठेही असू शकतं: थायरॉइड, मूत्रपिंड, नैराश्य, एखादं औषध, जुना संसर्ग. भूक आहे पण जागा नाही, अशी तक्रार असेल तर आधी जठराकडेच पाहावं लागतं.

रिकामं जठर जेमतेम मुठीएवढं असतं. घास येऊ लागले की त्याचा वरचा भाग सैल पडतो आणि लीटर-दीड लीटर ऐवज ताण न जाणवता मावतो. खालचा भाग अन्न घुसळून बारीक करतो आणि तळाशी असलेल्या अरुंद दारातून थोडं थोडं आतड्यात सोडतो. म्हणून पोट लवकर भरण्याची कारणंही दोनच प्रकारची. एक तर पिशवी सैल होत नाही, कारण तिची भिंत कडक झालेली असते किंवा बाहेरून काहीतरी, समजा वाढलेली प्लीहा, तिला दाबत असतं. नाही तर पिशवी रिकामी होत नाही, कारण खालचं दार अरुंद झालेलं असतं किंवा घुसळणारे स्नायू मंदावलेले असतात.

यातलं बाबांच्या बाबतीत काय असावं, हे संध्याकाळच्या त्या दोन उलट्या बऱ्यापैकी सांगतात. साधं जेवण चार तासांत जवळपास सगळं जठराबाहेर पडायला हवं. सकाळचं अन्न संध्याकाळी ओळखू येईल अशा अवस्थेत परत आलं, याचा अर्थ ते आठ-नऊ तास तिथेच पडून होतं. म्हणजे खोट रिकामं होण्यात आहे. आता घरीच दोन गोष्टी बघून ठेवा. पुन्हा उलटी झाली तर तिच्यात हिरवट-पिवळं पित्त आहे का ते पाहा. पित्त जठराच्या दाराच्या पलीकडे, आतड्यात येऊन मिळतं. उलटी भरपूर आणि जुन्या अन्नाची असूनही तिच्यात पित्ताचा मागमूस नसेल, तर दारापाशीच अडथळा असल्याचा संशय बळावतो. दुसरं, जेवून चार तास झाल्यावर बाबा अंथरुणात कुशीवर वळले की पोटात पाणी खळखळल्यासारखं ऐकू येतं का, ते त्यांना विचारा. अर्धवट भरलेली पखाल हलवल्यासारखा तो आवाज असतो. यांपैकी काही आढळलं नाही म्हणून तपासणी टळत नाही, पण आढळलं तर तिची घाई वाढते.

मधुमेह नऊ वर्षांचा आहे, त्यामुळे कोणीतरी म्हणेलच की ही मधुमेहामुळे आलेली जठराची मंदगती आहे. असू शकते. मधुमेहात जठराच्या नसा अशक्त होतात आणि अन्न साचतं. पण या निदानाची एक अट आहे: आधी दुर्बिणीने आत पाहून अडथळा नाही याची खात्री करायची, मगच ते नाव घ्यायचं. अट मोडून ते आधीच चिकटवलं तर महिने वाया जातात. शिवाय मंदगतीने हिमोग्लोबिन 13.6 वरून 10.8 वर का यावं? ते घसरलंय म्हणजे बहुधा कुठून तरी थेंब थेंब रक्त जातंय, आणि शौचाचा रंग न बदलताही ते जाऊ शकतं. मेटफॉर्मिननेही भूक कमी होते, मळमळतं, हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं त्याच डोसवर असलेल्या माणसाला ते अचानक जुन्या अन्नाच्या उलट्या करायला लावत नाही. हो, एक विचारायचं राहिलं: अलीकडे कोणी वजन किंवा साखर कमी करणारं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलंय का? त्या औषधांचा परिणामच जठर सावकाश रिकामं करण्याचा असतो. तसं असेल तर उलट टपाली कळवा.

वजनाचा हिशोबही मांडून ठेवतो, कारण बाबांना तो दाखवावा लागेल. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्न न करता पाच टक्के वजन गेलं तर कारण शोधायचं, असा आमच्याकडे सर्वसाधारण नियम आहे. 68 चे पाच टक्के म्हणजे 3.4 किलो. बाबांचे सात किलो गेलेत, दहा टक्क्यांहून थोडे जास्तच, आणि तेही पाच महिन्यांत. नुसतं वय झालं म्हणून वजन या वेगाने उतरत नाही.

सोनोग्राफीबद्दल गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर थोडं थांबतो. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, प्लीहा चांगले दिसतात, पोटात पाणी झालं असेल तर तेही दिसतं. म्हणजे बाहेरून जठर दाबणारी मोठी कारणं या रिपोर्टने बरीचशी बाजूला झाली, तेवढा तिचा उपयोग झाला. पण जठरात हवा असते आणि हवेतून त्या लहरी पार जात नाहीत. आतल्या अस्तरावरचा व्रण, दारापाशी आलेली सूज किंवा सपाट पसरलेली गाठ सोनोग्राफीत सहसा कळत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल" याचा अर्थ "जठर नॉर्मल" असा होत नाही.

पॅन्टोप्रॅझोलने आठवडाभर बरं वाटतं, यानेही निश्चिंत होऊ नका. आम्ल कमी झालं की साधा व्रण भरू लागतो, पण कर्करोगाच्या व्रणावरही काही काळ साल धरू शकते आणि जळजळ थांबते. त्यामुळे गोळीने बरं वाटलं म्हणजे आजार साधाच, असं म्हणता येत नाही. याच कारणासाठी दुसऱ्या नावाची तीच गोळी मी लिहून देत नाही.

मग असेल काय? स्पष्टच सांगतो, कारण तुम्ही तो शब्द लिहिण्याचं टाळलंय आणि मनात तोच आहे. जुना व्रण भरताना त्याचा वण आक्रसून दार अरुंद होऊ शकतं. तो हेलिकोबॅक्टर जंतूने किंवा वेदनाशामक गोळ्यांनी झालेला असतो आणि त्यावर उपचार आहेत. जठराचा कर्करोग असू शकतो. मधुमेहाची मंदगती आणि तिच्या जोडीला वेगळ्याच कारणाचा ॲनिमिया, हेही शक्य आहे. यांतलं कोणतं, हे लक्षणांवरून ठरवता येत नाही. मी नाही ठरवू शकत, दुसरंही कोणी नाही. आत पाहून अस्तराचा छोटा तुकडा तपासावाच लागतो.

दुर्बिणीआधी एक काम आजच करायचं आहे, आणि खरा धोका मला तिथे दिसतो. शुगर "छान" आली आहे ती आजार सुधारला म्हणून नाही, बाबा जेवत नाहीत म्हणून. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावते. सात किलो कमी झालेल्या, निम्मं जेवणाऱ्या, उलट्या होणाऱ्या माणसात जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकाएकी खाली येऊ शकते, बरेचदा रात्री. घाम, थरथर, घाबरं होणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर लगेच साखर मोजा. ती 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. जठर सावकाश रिकामं होत असल्याने साखर चढायलाही वेळ लागू शकतो, म्हणून एकदा दिलं आणि विसरलं असं करू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उद्या सकाळी गेल्या पंधरा दिवसांचे साखरेचे आकडे घेऊन या, ग्लिमेपिराइड कमी करायची की थांबवायची ते समोर बसून ठरवू. रक्तदाबाची गोळी असेल तर तीही आणा. वजन उतरलं की तोच डोस जास्त होतो आणि उठताना चक्कर येते.

त्याच भेटीत रक्त घेऊ: हिमोग्लोबिनसह सगळ्या रक्तपेशी, फेरिटिन, बी-12, यकृत, मूत्रपिंड, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, थायरॉइड आणि एचबीए1सी. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा; ते कमी आलं तर रक्त झिरपत असल्याचा अंदाज पक्का होईल. तसं झालं आणि जठरात कारण सापडलं नाही, तर मोठ्या आतड्याचीही दुर्बीण करावी लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. बी-12 मुद्दाम घातलंय, कारण बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने ते घटतं. लोहाची गोळी मात्र दुर्बीण होईपर्यंत सुरू करू नका. तिने शौच काळी होते, मग काळं रक्ताने की गोळीने हे कळत नाही, आणि जठराच्या अस्तरावरही तिचे डाग बसतात.

आता तयारी. दुर्बिणीसाठी सहा तास घन पदार्थ नकोत आणि दोन तास पाणीही नको, असा नेहमीचा नियम आहे आणि दवाखान्याच्या छापील कागदावर तोच असतो. बाबांना तो पुरणार नाही. ज्याच्या पोटात आठ तासांपूर्वीचं अन्न असतं त्याचं जठर सहा तासांत रिकामं कसं होईल? भरल्या पोटी दुर्बीण घातली तर डॉक्टरांना अन्नाखालचं अस्तर दिसत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. हा झाला त्रास. धोका असा की झोपेच्या इंजेक्शनखाली ते अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून वेळ ठरवताना फोनवरच सांगा: "सकाळचं अन्न संध्याकाळी उलटीत पडतं." हे ऐकल्यावर ते आदले 24 तास किंवा जास्त काळ फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगतील, कदाचित नाकातून नळी घालून जठर आधी रिकामं करतील. त्या पातळ आहाराच्या दिवसापासूनच ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते मी लिहून देईन. तपासणीच्या सकाळी मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यायची. रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आधी कळवा, स्वतःहून बंद करू नका.

पॅन्टोप्रॅझोल दोन आठवडे थांबवून दुर्बीण केली तर आत स्वच्छ दिसतं आणि हेलिकोबॅक्टरची तपासणी फसत नाही. पण त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. गोळी चालू असताना जंतू नाही असा रिपोर्ट आला तर त्यावर विसंबायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं. गोळी बंद करून ती तपासणी नंतर शौचावर किंवा श्वासावर पुन्हा करता येते.

बाबा चिडतात ते बहुधा श्वास कोंडेल या भीतीने. त्यांना सांगा, नळी करंगळीएवढी जाड असते आणि ती अन्ननलिकेतून जाते, श्वासनलिकेतून नाही, त्यामुळे श्वास पूर्ण वेळ चालू राहतो. घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शनही देतात. आत पाहायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात, तुकडे घेतले तर थोडी जास्त. तुकडा घेताना दुखत नाही, जठराच्या अस्तराला चिमट्याची वेदना कळत नाही. "तुम्हाला काहीतरी गंभीर असेल" अशी सुरुवात करू नका, त्याने माणूस दार लावून घेतो. "सकाळचं अन्न संध्याकाळी का पडतं ते बघायचंय" हे खरंही आहे आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलंही आहे. नाहीच ऐकलं तर मला भेटवा.

सोबत डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी न्या. लांबलचक नको. तुमच्या पत्रावरून ती अशी होईल: "वय 63. पाच महिने चार-पाच घासांत पोट भरतं, भूक शाबूत. वजन 68 वरून 61. जुन्या अन्नाची उलटी दोनदा. हिमोग्लोबिन 13.6 वरून 10.8. मधुमेह नऊ वर्षं, मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड. पॅन्टोप्रॅझोल तीन महिने चालू-बंद, शेवटची गोळी अमुक तारखेला." पित्ताचं आणि खळखळीचं जे दिसलं असेल ते खाली जोडा. वेदनाशामक गोळ्या किती घेतात तेही लिहा, पाठदुखीसाठी सहज घेतलेल्यासुद्धा.

दुर्बीण होईपर्यंत खाण्याची रीत बदला. तीन जेवणांऐवजी सहा लहान खाणी करा. पाणी खाताना नाही, मध्ये. अन्न मऊ किंवा पातळ ठेवा, कारण द्रव पदार्थ अरुंद दारातूनही सुटतो, रेषाळ भाजी आणि सालं तिथेच अडकतात. फार तेल-तूप घालून ताकद वाढवायला जाऊ नका, स्निग्ध पदार्थाने जठर आणखी सावकाश रिकामं होतं. दूध, अंडं, प्रथिनांची पावडर घातलेलं पेय थोडं थोडं, खाल्ल्यावर दोन तास आडवं न होणं, आणि आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर, सकाळी, त्याच प्रकारच्या कपड्यांत वजन. मात्र डांबरासारखी काळी चिकट शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा ऐवज, दिवसभर पाणीही न टिकणं, पोटात असह्य दुखणं, किंवा भोवळ येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्या. डोळे पिवळे दिसले किंवा घास गिळताना अडकू लागला तर त्याच दिवशी मला फोन करा.

रिपोर्ट हातात आला की फक्त खालच्या ओळीतला निष्कर्ष वाचू नका. जठर पूर्ण पाहता आलं का, की अन्न होतं असं लिहिलंय? खालच्या दारातून दुर्बीण पलीकडे गेली का? हवा भरल्यावर जठर नीट फुगलं का? व्रण असेल तर तुकडे किती घेतले? एक-दोन तुकडे पुरत नाहीत. व्रणाच्या कडांवरून चहूबाजूंनी सहा ते आठ घ्यावे लागतात, नाही तर नेमका रोगाचा भाग सुटू शकतो. आणि व्रण साधा ठरला तरी तो खरोखर भरला का, हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं. बरं वाटतंय म्हणून ही दुसरी फेरी अनेक जण चुकवतात.

एका प्रसंगाची आधीच कल्पना देतो. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार भिंतीच्या आतल्या थरांतून पसरतो. वरचं अस्तर जवळपास साधं दिसतं, पण भिंत चामड्यासारखी ताठ होते आणि हवा भरूनही जठर उघडत नाही. वरवरचा तुकडा अशा वेळी "कर्करोग नाही" असा येऊ शकतो. म्हणून "जठर नीट फुगत नाही" असं लिहिलेलं असेल आणि तुकडा मात्र नॉर्मल असेल, तर तो रिपोर्ट शेवटचा धरायचा नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटा घेऊन खोलवरचा तुकडा काढावा लागतो, किंवा दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने भिंतीची जाडी पाहावी लागते, आणि पोटाचा सीटी स्कॅन. दुर्बीण आणि तुकडे दोन्ही खरोखर स्वच्छ आले, तरीही सीटी करूच, कारण स्वादुपिंडाचा आजार आतून दिसत नाही. तोही नॉर्मल आला, तर चार तासांची जठर रिकामं होण्याची तपासणी करू. ठरावीक अन्न देऊन चार तासांनी त्यातलं दहा टक्क्यांहून जास्त उरलं असेल, तर मधुमेहाची मंदगती हे नाव तेव्हा लावता येईल आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा आराखडाही त्याप्रमाणे नव्याने मांडू.

उद्या सकाळी येताना बाबांना काही खायला देऊन आणा, आणि त्यांनी ग्लिमेपिराइड घेतली असेल तर किती वाजता, ते लिहून आणा.